इक्वेशन ओळखण्याचा आठवडा

प्रश्न : सर, मी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. गणिताच्या पेपरला दहा दिवस उरले आहेत आणि डिफरन्शियल इक्वेशनच्या युनिटसाठी मी एक आठवडा, रोज दोन तास देऊ शकते. फर्स्ट ऑर्डर, हायर ऑर्डर लिनिअर, व्हेरिएशन ऑफ पॅरामीटर्स आणि कॉशी एवढा भाग आहे. पुस्तकातले सराव संच सोडवताना अडत नाही, पण जुनी प्रश्नपत्रिका समोर घेतली की सुरुवात कुठून करायची हेच सुचत नाही. आठवडा कसा आखू?
— एक विद्यार्थिनी, नांदेड

उत्तर : पुस्तकातील प्रत्येक सराव संचाच्या वर पद्धतीचे नाव छापलेले असते. 'लिनिअर इक्वेशन' या मथळ्याखालची वीस उदाहरणे तू सोडवतेस तेव्हा कोणती पद्धत लावायची हा निर्णय त्या मथळ्याने आधीच घेतलेला असतो आणि तुझ्या वाट्याला फक्त इंटिग्रेशन उरते. प्रश्नपत्रिकेत तो मथळा नसतो, म्हणून तिथे हात थांबतो. तुझ्याकडच्या चौदा तासांत आणखी सराव संच सोडवलेस तर जे येते आहे तेच पुन्हा होईल. त्यामुळे मी आठवडा असा आखेन की रोजचा पहिला भाग इक्वेशन ओळखण्याला जाईल आणि उरलेला वेळ त्या दिवशीच्या एकाच प्रकाराला.

पहिल्या दिवशी एकही उदाहरण शेवटपर्यंत सोडवू नकोस. मागच्या चार-पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका घे, वहीच्या पानांच्या चिठ्ठ्या कर आणि प्रत्येक चिठ्ठीवर एकच इक्वेशन उतरव. 'सोडवा' किंवा 'व्हेरिएशन ऑफ पॅरामीटर्सने सोडवा' असे कोणतेही शब्द पुढच्या बाजूला येऊ देऊ नकोस. योग्य पद्धतीचे नाव मागच्या बाजूला पेन्सिलने लिही. चाळीस चिठ्ठ्या झाल्या तरी पुरेत. त्या एकदा चांगल्या पिसून घे आणि मग एकेका चिठ्ठीला एक मिनिट देऊन वहीत दोनच गोष्टी लिही : प्रकाराचे नाव आणि कामाची पहिली ओळ. लिनिअर वाटत असेल तर `P`, `Q` आणि इंटिग्रेटिंग फॅक्टर. एक्झॅक्ट वाटत असेल तर `∂M/∂y` आणि `∂N/∂x` यांच्या किमती. हायर ऑर्डर असेल तर ऑक्झिलरी इक्वेशनची मुळे. पहिली ओळ लिहिण्याचा आग्रह यासाठी की नुसते नाव अंदाजाने बरोबर येऊ शकते, पण `P` काय आणि `Q` काय हे अंदाजाने लिहिता येत नाही.

नंतर मागची बाजू पाहा आणि चुकलेल्या चिठ्ठ्या वेगळ्या काढ. चुका सर्व प्रकारांत सारख्या विखुरलेल्या बहुधा नसतात. त्या दोन-तीन जोड्यांतच साचलेल्या दिसतील, म्हणजे अमुक प्रकार असताना दरवेळी तमुक प्रकार वाटला असे. त्या जोड्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेव. पुढे मी सांगतो ती दिवसांची वाटणी सर्वसाधारण आहे. तुझ्या जोड्या वेगळ्या निघाल्या तर दिवस त्यांच्याकडे वळव. याच चिठ्ठ्या दुसऱ्या दिवसापासून रोज सुरुवातीची वीस मिनिटे वापरायच्या आहेत.

दुसरा दिवस फर्स्ट ऑर्डर लिनिअर आणि बर्नुली यांना दे. `dy/dx + Py = Q` हे रूप सगळ्यांनाच ओळखता येते. फसगत होते ती इक्वेशन `y` मध्ये लिनिअर नसून `x` मध्ये लिनिअर असते तेव्हा. उत्तरपत्रिका तपासताना मला यावर अडलेले सर्वाधिक विद्यार्थी दिसले आहेत, म्हणून हे एक उदाहरण सावकाश पाहू.

```
(x + 2y³) dy/dx = y
```

व्हेरिएबल वेगळे होत नाहीत. `dy/dx` एकटे ठेवले तर उजवीकडे `y / (x + 2y³)` येते आणि `y` चा घन छेदात बसल्यामुळे ते `y` मध्ये लिनिअर नाही, बर्नुलीही नाही. होमोजिनिअस म्हणावे तर `x` ची घात एक आणि `y³` ची तीन. इथे बरेच जण पान उलटतात. परंतु आता `x` कडे बघ. `x` फक्त पहिल्या घातात आला आहे, त्याचा वर्ग नाही, `sin x` नाही, `xy` देखील नाही. एखादे व्हेरिएबल असे साधेपणाने एकदाच दिसत असेल तर इक्वेशन त्याच्या बाजूने लिहून पाहायचे. दोन्ही बाजू उलट्या केल्या की `dx/dy = x/y + 2y²`, म्हणजेच

```
dx/dy − (1/y) x = 2y²
```

आता हे `x` मध्ये लिनिअर आहे. `P = −1/y`, म्हणून इंटिग्रेटिंग फॅक्टर `1/y`. त्याने गुणल्यावर `x · (1/y) = ∫ 2y² · (1/y) dy`, म्हणजे `x/y = y² + c` आणि अखेर `x = y³ + cy`.

या `c` जवळ क्षणभर थांब. इंटिग्रेशन केले त्याच ओळीत `c` लिहिला नाही आणि तो उत्तराच्या शेवटी चिकटवला, तर उत्तर `x = y³ + c` असे येते आणि ते चुकीचे असते. ताळा घेतला की लगेच कळते. बरोबर उत्तरात `dx/dy = 3y² + c` येते आणि `x/y + 2y²` ही किंमतही `3y² + c` च येते. चुकीच्या उत्तरात डावीकडे `3y²` राहते आणि उजवीकडे `3y² + c/y`. दोन्ही बाजू जुळत नाहीत. इंटिग्रेटिंग फॅक्टरने भागताना `c` ला पण भागायचे असते, म्हणून त्याचा जन्म योग्य ओळीत झाला पाहिजे. त्या दिवशीच्या प्रत्येक उदाहरणाला असा ताळा घे. दोन मिनिटांपेक्षा अधिक वेळ लागत नाही.

बर्नुलीसाठी त्याच दिवशी तीन-चार उदाहरणे पुरेत. उजवीकडच्या `yⁿ` ने आधी भागायचे आणि मगच नवे व्हेरिएबल घ्यायचे, एवढा क्रम पक्का असला की पुढचे काम लिनिअरचेच असते. इथेही `x` आणि `y` यांची अदलाबदल होऊ शकते, हे मात्र ध्यानात ठेव.

तिसऱ्या दिवशी `M dx + N dy = 0` या रूपाची उदाहरणे घे. `∂M/∂y` आणि `∂N/∂x` सारखे आले तर प्रश्न सरळ सुटतो. ते सारखे येत नाहीत तेव्हा इंटिग्रेटिंग फॅक्टरचे चार नियम एकदम आठवू लागतात आणि गोंधळ होतो. त्यांना क्रम लावून घे. आधी दोन्ही डेरिव्हेटिव्हची वजाबाकी कर आणि ती `M` किंवा `N` यांपैकी कोणाशी सहज कटते ते पाहा. उदाहरणार्थ,

```
(x² + y² + x) dx + xy dy = 0
```

यात `∂M/∂y = 2y` आणि `∂N/∂x = y`, फरक `y`. `N` म्हणजे `xy`, त्यात `y` आहेच, म्हणून `N` ने भागले की `1/x` उरते, जे केवळ `x` चे फंक्शन आहे. त्यामुळे इंटिग्रेटिंग फॅक्टर `x`. `M` ने भागायचे असते तर वजाबाकीचा क्रम उलटतो, `∂N/∂x − ∂M/∂y` असा घ्यावा लागतो आणि बाकी उरलेले फंक्शन केवळ `y` चे असावे लागते. क्रम चुकला तर `x` च्या जागी `1/x` असा फॅक्टर येतो. म्हणून फॅक्टरने गुणल्यावर एक्झॅक्टनेस पुन्हा तपासल्याशिवाय पुढे जायचे नाही. इथे गुणल्यावर `(x³ + xy² + x²) dx + x²y dy = 0` मिळते आणि दोन्ही डेरिव्हेटिव्ह `2xy` येतात. आता `y` स्थिर धरून पहिल्या कंसाचे इंटिग्रेशन केले की `x⁴/4 + x²y²/2 + x³/3`. पुढच्या पायरीत `N` मधील ज्या पदांत `x` नाही त्यांचेच इंटिग्रेशन मिळवायचे असते आणि `x²y` मध्ये `x` आहे, म्हणून मिळवण्यासारखे काहीच नाही. उत्तर :

```
x⁴/4 + x²y²/2 + x³/3 = c
```

घाईत `x²y` चेही इंटिग्रेशन करून `x²y²/2` दोनदा लिहिले जाते. उत्तरात एकच पद दोनदा आलेले दिसले तर हीच चूक झाली असे समज.

चौथा दिवस हायर ऑर्डरच्या सुरुवातीचा. कॉम्प्लिमेंटरी फंक्शन तुला येत असणार, त्यावर अर्ध्या तासाहून अधिक घालवू नकोस. मुळे पुनरावृत्त असतील तेव्हा `(c₁ + c₂x)` आणि काल्पनिक असतील तेव्हा `cos`, `sin` यांच्या जोड्या न चुकता लिहिल्या जातात एवढे पाहा. उरलेला वेळ पर्टिक्युलर इंटिग्रलच्या शॉर्टकट पद्धतींना दे, आणि त्यांतही `sin ax`, `cos ax` यांना. `D² + D + 1` आणि उजवीकडे `sin 2x` असे असेल तर `D²` च्या जागी `−4` घालायचे, `D` च्या जागी काहीही घालायचे नाही. छेद `D − 3` राहतो. वर आणि खाली `D + 3` ने गुणले की छेद `D² − 9`, म्हणजे `−13` होतो आणि उत्तर `−(2 cos 2x + 3 sin 2x)/13` येते. `D` ला `2` किंवा `−2` समजून पुढे गेलेल्या उत्तरपत्रिका मी दरवर्षी पाहतो. ओळखायची खूण सोपी आहे : डावीकडे `D` चे पद असताना तुझ्या उत्तरात एकटा `sin` किंवा एकटा `cos` आला, तर मागे वळून पाहावे लागेल.

पाचवा दिवस मी पूर्णपणे छेद शून्य होणाऱ्या प्रकारांसाठी ठेवेन, कारण ज्याला पुस्तके 'केस ऑफ फेल्युअर' म्हणतात तिथे परीक्षक मुद्दाम प्रश्न काढतात आणि तिथेच दोन पद्धतींची सरमिसळ होते. आधी तो छेद शून्य का होतो हे समजून घे. `(D² + 4) y = sin 2x` घे. `D²` ऐवजी `−4` घातले की शून्य येते, कारण `sin 2x` हे कॉम्प्लिमेंटरी फंक्शनमध्ये आधीच आहे; डावी बाजू त्याला शून्यच करते, मग त्याच्या कुठल्याही पटीतून `sin 2x` परत कसे मिळणार? म्हणून `x` ने गुणावे लागते आणि छेदाचे `D` च्या दृष्टीने डेरिव्हेटिव्ह घ्यावे लागते : `x · 1/(2D) sin 2x`, म्हणजेच `−(x/4) cos 2x`. स्प्रिंगला तिच्याच नैसर्गिक वारंवारतेने धक्के देत राहिले की झोका वाढत जातो, ती वाढ म्हणजे हा `x`. मेकॅनिक्समध्ये ज्याला रेझोनन्स म्हणतात ते हेच. म्हणून छेद शून्य आला की घाबरून आकडेमोड पुन्हा तपासत बसू नकोस. उजवीकडचे पद कॉम्प्लिमेंटरी फंक्शनमध्ये आहे का ते पाहा, असेल तर शून्य अपेक्षितच आहे.

आता सरमिसळ कुठे होते ते पाहा.

```
(D² − 4D + 4) y = x e^(2x)
```

उजवीकडे `e^(2x)` दिसते, `D = 2` घातले की छेद शून्य होतो, म्हणून हात आपोआप `x` ने गुणून डेरिव्हेटिव्ह घेण्याकडे जातो. पण तो नियम `e^(ax)` एकटे असताना, म्हणजे सोबत फक्त स्थिरांक असताना लागू होतो. इथे `e^(2x)` बरोबर `x` आहे, तेव्हा हा `e^(ax) V` प्रकार झाला. `e^(2x)` बाहेर काढायचे आणि `D` च्या जागी `D + 2` घालायचे. डावीकडचे `(D − 2)²` हे `D²` होते आणि काम एवढेच उरते की `x` चे दोनदा इंटिग्रेशन करायचे : `x²/2`, मग `x³/6`. पर्टिक्युलर इंटिग्रल `x³ e^(2x)/6`. आधीचा मार्ग धरून `x` ने दोनदा गुणले असते तर `x³ e^(2x)/2` आले असते, म्हणजे दिसायला अगदी सारखे, पण तिप्पट. अशा वेळी ताळ्याशिवाय चूक सापडत नाही. ताळाही सोपा आहे : `y = e^(2x) v` असेल तर `(D − 2)² y = e^(2x) v″`, म्हणून `v` चे दोनदा डेरिव्हेटिव्ह घेऊन `x` येते का एवढेच पाहायचे. `x³/6` मधून `x` येते, `x³/2` मधून `3x`.

त्या दिवशी अशी आठ-दहा उदाहरणे पुरेत, परंतु प्रत्येकात सोडवण्याआधी समासात एक शब्द लिही : उजवी बाजू 'एकटी' आहे की 'जोडीने'.

सहाव्या दिवशी व्हेरिएशन ऑफ पॅरामीटर्स आणि कॉशी. पहिली पद्धत कधी वापरायची हे उजवी बाजू सांगते. तिथे `sec x`, `tan x`, `cosec x` किंवा `1/(1 + e^x)` असे काही असेल, ज्यावर कोणताही शॉर्टकट चालत नाही, तर सहसा हीच पद्धत. `(D² + 1) y = sec x` एकदा स्वतः पूर्ण सोडवून पाहा. `x sin x + cos x · log(cos x)` हे पर्टिक्युलर इंटिग्रल यायला हवे. तिथे `log` चे चिन्ह उलटे आले, तर `u` च्या सूत्रातले उणे चिन्ह विसरले आहे असे समज. आणखी एक, सूत्रे `y″` चा सहगुणक `1` असतानाच खरी आहेत. डावीकडे `x²y″` ठेवून सूत्रे लावलीस तर सगळे इंटिग्रेशन बरोबर करूनही उत्तर चुकते.

कॉशीमध्ये नवे फार थोडे आहे. `x = e^z` घेतल्यावर `x²y″` चे `D(D − 1)y` होते, `D²y` होत नाही, आणि तिथून पुढे तुझ्या पाचव्या दिवसाचीच उदाहरणे समोर येतात. `x²y″ − 3xy′ + 4y = x²` घेतलेस तर `D(D − 1) − 3D + 4` म्हणजे `(D − 2)²` आणि उजवीकडे `e^(2z)`. आता हे `e^(2z)` एकटे आहे, म्हणून इथे `z` ने दोनदा गुणायचे : `z² e^(2z)/2`. कॉम्प्लिमेंटरी फंक्शनसह उत्तर

```
y = (c₁ + c₂ log x) x² + (x²/2)(log x)²
```

असे `x` मध्ये परत लिहून पूर्ण करायचे. `z` मध्येच उत्तर सोडले तर शेवटचा गुण जातो.

सातव्या दिवशी जुन्या प्रश्नपत्रिकांमधून या युनिटचे सहा प्रश्न, ज्यांच्या चिठ्ठ्या केलेल्या नाहीत असे, मैत्रिणीला किंवा घरातल्या कुणाला तरी निवडायला सांग, म्हणजे प्रकारांचा क्रम तुला आधी माहीत राहणार नाही. एक तास लाव आणि पुस्तक बंद ठेव. पहिली पाच मिनिटे पेन न चालवता सहाही प्रश्नांपुढे फक्त प्रकाराचे नाव लिही आणि ज्याचा प्रकार निश्चित कळला तो आधी सोडव. ज्याचा कळला नाही त्यापुढे प्रश्नचिन्ह ठेव आणि शेवटी त्याच्याकडे ये, कारण अनोळखी इक्वेशनवर सुरुवातीलाच वीस मिनिटे गेली की सोपे प्रश्न घाईत चुकतात. दुसऱ्या तासात उत्तरे पुस्तकात न पाहता आधी ताळ्याने तपास : फर्स्ट ऑर्डरमध्ये उत्तराचे डेरिव्हेटिव्ह घेऊन मूळ इक्वेशन मिळते का, हायर ऑर्डरमध्ये फक्त पर्टिक्युलर इंटिग्रल डावीकडे घालून उजवी बाजू येते का. ताळा जुळला नाही तर चूक शोधताना पहिल्या ओळीपासून सुरुवात कर, कारण पद्धतच चुकीची निवडली असेल तर ती तिथेच दिसेल.

ताळ्याला एक मर्यादा आहे, तीही सांगून ठेवतो. पर्टिक्युलर इंटिग्रल बरोबर असल्याने कॉम्प्लिमेंटरी फंक्शन बरोबर ठरत नाही. मुळे काढताना चिन्ह चुकले असेल तर तो ताळा ते दाखवणार नाही. त्यासाठी मुळांची बेरीज आणि गुणाकार ऑक्झिलरी इक्वेशनच्या सहगुणकांशी ताडून पाहा. दुसऱ्या ऑर्डरच्या इक्वेशनमध्ये हे तोंडी होते.

आठवडा संपल्यावर पेपरपर्यंत जे तीन दिवस उरतील त्यांत या युनिटला रोज वीस मिनिटांहून अधिक देऊ नकोस, बाकीच्या युनिटांनाही वेळ लागेल. त्या वीस मिनिटांत फक्त ज्या चिठ्ठ्या दोनदा चुकल्या तेवढ्याच काढ, प्रकार आणि पहिली ओळ लिही, आणि सलग दोन दिवस बरोबर आलेली चिठ्ठी गठ्ठ्यातून काढून टाक.